सामना फुकट, वर्गणी कशाची? हॉटस्टारची दहा वर्षे (2015–2025)

एखादी सेवा मुळात फुकट द्यायची आणि तिच्यातल्या काही भागासाठी पैसे घ्यायचे, या पद्धतीला 2006 पासून ‘फ्रीमियम’ म्हणतात. फुकट कुठे संपते आणि विकतचे कुठे सुरू होते, त्या रेषेला आपण या टिपणात ‘भिंत’ म्हणू. मुंबईच्या स्टार इंडियाने सुरू केलेल्या हॉटस्टारवर ही भिंत दहा वर्षांत अनेकदा सरकली. ती प्रत्येक वेळी का सरकली हे पाहिले, तर फ्रीमियमचे अर्थशास्त्र बरेचसे उलगडते.

हॉटस्टार फेब्रुवारी 2015 मध्ये, क्रिकेटच्या विश्वचषकाच्या तोंडावर सुरू झाले. मालिका, चित्रपट, सामने, जवळजवळ सगळे जाहिरातींसह फुकट होते. येलहंक्याच्या एखाद्या वसतिगृहात आणखी एका विद्यार्थ्याने फोनवर मालिका लावली, तर कंपनीचा जादा खर्च फार थोडा होतो. यालाच सीमांत खर्च म्हणतात. मालिका बनवण्याचा मोठा खर्च आधीच झालेला असतो. त्यामुळे प्रेक्षक जमवण्यासाठी त्याला फुकट आत घेणे परवडते, आणि जाहिरातदाराला तर तोच हवा असतो.

एप्रिल 2016 मध्ये पहिली भिंत उभी राहिली. महिना 199 रुपयांच्या ‘प्रीमियम’ वर्गणीमागे प्रामुख्याने इंग्रजी मालिका आणि चित्रपट गेले. ही निवड विचारपूर्वक होती. इंग्रजी मालिका पाहणारा वर्ग लहान, पण पैसे देऊ शकणारा. त्याला भिंतीआड नेले तरी जाहिरातींचा मोठा प्रेक्षक हातचा जात नव्हता. मार्च 2019 मध्ये वर्षाला 365 रुपयांची ‘व्हीआयपी’ वर्गणी आली. तिच्यात थेट क्रिकेट होते, आणि स्टारच्या मालिकांचा भाग दूरचित्रवाणीवर लागण्याआधी सकाळीच पाहता येत होता. मालिका तीच, फक्त काही तास आधी. उत्सुकतेची किंमत लावणारी ही भिंत मला सगळ्यांत हुशारीची वाटते, कारण थांबायला तयार असलेल्या कुणाचेही त्यात काही जात नव्हते.

क्रिकेटचे गणित मात्र वेगळे आहे. सामना जुना झाला की त्याची किंमत जवळजवळ संपते, आणि प्रक्षेपणाचे हक्क लिलावात घ्यावे लागतात. जून 2022 मध्ये आयपीएलचे 2023 ते 2027 या पाच हंगामांचे भारतातले डिजिटल हक्क वायाकॉम18ने 23,758 कोटी रुपयांना घेतले. दूरचित्रवाणीचे हक्क तेवढे डिस्नेकडे, म्हणजे स्टारच्या तेव्हाच्या मालकाकडे राहिले. हे 23,758 कोटी पाच हंगामांवर वाटले, तर वर्षाला सुमारे 4,750 कोटी होतात. हॉटस्टारची मोबाइलपुरती वर्गणी तेव्हा वर्षाला 499 रुपये होती. नुसत्या वर्गणीतून हे हक्क फेडायचे, तर कर आणि इतर खर्च न धरताही साडेनऊ कोटी वर्गणीदार लागतात. हॉटस्टारचा सर्वोच्च आकडा 1 ऑक्टोबर 2022 चा, 6.13 कोटी. त्यातही अनेकांना ती वर्गणी मोबाइलच्या रिचार्जसोबत मिळालेली होती, म्हणून दर वर्गणीदारामागे कंपनीला महिन्याला एका डॉलरहूनही कमी मिळत होते.

वायाकॉम18ने 2023 ची आयपीएल जिओसिनेमावर सगळ्यांना फुकट दाखवली, तीही मराठीसह बारा भाषांत. हा वेडेपणा होता का, हे एका ढोबळ हिशेबाने तपासू. पुढचे जाहिरातीचे आकडे केवळ हिशेबापुरते धरले आहेत. एक जाहिरात एकदा दिसण्याचे 20 पैसे मिळतात, एका सामन्यात प्रेक्षक 60 जाहिराती पाहतो आणि हंगामात 20 सामने पाहतो. म्हणजे त्याच्याकडून 240 रुपये आले. 499 रुपयांच्या वर्गणीतून 18 टक्के जीएसटी वजा केला, तर 423 रुपये उरतात. शंभरजणांना फुकट दाखवले तर 24,000 रुपये येतात. भिंत घालून तेवढेच पैसे हवे असतील, तर शंभरातल्या 57 जणांनी वर्गणी भरली पाहिजे. पाच-दहांनीच भरली, तर भिंत तोट्याची.

पण या हिशेबात एक कच्चा दुवा आहे. प्रेक्षक दुप्पट झाले म्हणून साबण किंवा गाड्या विकणाऱ्यांचे जाहिरातीचे अंदाजपत्रक दुप्पट होत नाही. जाहिरात दाखवण्याच्या जागा वाढत गेल्या की 20 पैशांचे 12 होतात, आणि मग फुकट प्रेक्षकही स्वस्त होत जातो. वायाकॉम18ला मात्र एक जादा आधार होता. तिच्यामागे रिलायन्स होती, आणि जिओ रिलायन्सचेच. सामना फुकट असला तरी तो पाहायला लागणारा डेटा विकतच घ्यावा लागतो. हॉटस्टारकडे असे दुसरे दुकान नव्हते.

हॉटस्टारचे वर्गणीदार 1 एप्रिल 2023 ला 5.29 कोटींवर आणि 1 जुलैला 4.04 कोटींवर आले. याचे सगळे श्रेय फुकट आयपीएलला देण्याचा मोह होतो, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे जरा थांबावे. मार्च 2023 अखेर एचबीओच्या मालिकाही हॉटस्टारवरून गेल्या होत्या. दोन्ही कारणे एकाच सुमारास आली, आणि वर्गणीदारांच्या एकूण आकड्यावरून ती वेगळी करता येत नाहीत. तरी एक तर्क करता येतो. इंग्रजी मालिकांचा प्रेक्षक मुळात मोजका होता, तेव्हा एका तिमाहीत सव्वा कोटी वर्गणीदार जाण्यामागे मुख्य कारण क्रिकेट असावे.

जून 2023 मध्ये हॉटस्टारने आशिया चषक आणि विश्वचषक मोबाइलवर फुकट जाहीर केला. मोठ्या पडद्यावर पाहायचा तर वर्गणी हवीच होती. भिंत आता पडद्याच्या आकारावर आली. घरात मोठा टीव्ही आणि ब्रॉडबँड असलेला माणूस पैसे देऊ शकतो, हे कंपनीने त्याला न विचारताच ओळखले. नोव्हेंबरमधल्या अंतिम सामन्याला एका क्षणी 5.9 कोटी लोक एकाच वेळी पाहत होते. 2019 च्या विश्वचषकातल्या भारत–न्यूझीलंड उपांत्य सामन्याचा आकडा 2.53 कोटी होता. हे प्रेक्षक आले, पण वर्गणीदार सप्टेंबरअखेरीस 3.76 कोटींवर घसरलेच होते.

दोन्ही बाजू एकमेकींपेक्षा जास्त फुकट देत असताना प्रेक्षकाची चंगळ होती. ती कुणाच्या औदार्यामुळे नव्हे, तर दोन प्रतिस्पर्धी असल्यामुळे होती. 14 नोव्हेंबर 2024 ला दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण पूर्ण झाले आणि 14 फेब्रुवारी 2025 ला जिओहॉटस्टार सुरू झाले. पुढच्याच महिन्यात आयपीएल आली. या वेळी सामना काही मिनिटेच फुकट दिसत होता. मग तीन महिन्यांसाठी 149 रुपयांची मोबाइलपुरती वर्गणी घ्यायची, नाहीतर जिओचा 299 रुपयांचा किंवा त्याहून मोठा रिचार्ज करायचा.