थाळीतील कर्बोदके व प्रथिने : मोजणी

प्रकार २ च्या मधुमेहात एका पूर्ण जेवणातून किती कर्बोदके आणि किती प्रथिने पोटात जातात, याचा ग्रॅममध्ये मांडलेला हिशेब. जेवणानंतरची रक्तशर्करा मुख्यतः कर्बोदकांमुळे चढते. प्रथिनांनी पोट भरते, स्नायू टिकतात आणि साखर फारशी वाढत नाही.

हिशेब वाटीवरून नव्हे, कच्च्या शिध्यावरून करावा. पातळ आणि घट्ट वरणाच्या वाट्या सारख्याच दिसतात, पण आतली डाळ दुपटीने कमीजास्त असू शकते. घरच्या सगळ्यांची कणीक मळण्याआधी तोलून पोळ्यांच्या संख्येने भागली की एका पोळीचे पीठ कळते. भातासाठी आधी तांदूळ तोलावेत, नंतर शिजलेला सगळा भात. पानातला भात त्याचा कितवा हिस्सा आहे, यावरून तांदूळ निघतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम कणकेत तंतू वगळून सुमारे ६४ ग्रॅम कर्बोदके असतात, तांदळात ७८, तूरडाळीत ५५. प्रथिने अनुक्रमे ११, ८ आणि २२.

दुपारचे नेहमीचे पान घेऊ. दोन पोळ्यांत ६० ग्रॅम कणीक, म्हणजे ३८ ग्रॅम कर्बोदके व ६ ग्रॅम प्रथिने. वाटीभर भातात ४० ग्रॅम तांदूळ : ३१ व ३. वरणात २० ग्रॅम डाळ : ११ व ४. उसळीत ३० ग्रॅम कोरडी मटकी : सुमारे १५ व ६. मेथीची भाजी आणि दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर मिळून साधारण ९ व ५. बेरीज १०४ ग्रॅम कर्बोदके आणि २४ ग्रॅम प्रथिने.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. वरण-उसळ 'प्रथिनांची' म्हणून हिशेबातून सुटते, पण तिने २६ ग्रॅम कर्बोदके आणलेली असतात. भात वगळून उसळ दुप्पट केली तर कर्बोदके ८८ पर्यंतच उतरतात, प्रथिने २७ होतात. भाताऐवजी दोन उकडलेली अंडी घेतली तर तोच हिशेब ७४ व ३३ असा होतो. बटाटा, रताळे, साबुदाणा यांची भाजी किंवा खिचडी असेल तर ती भाताच्या रकान्यातच मोजावी.

मोजणी बरोबर आहे का, हे ग्लुकोमीटर सांगतो : पहिल्या घासाआधी एकदा आणि त्यानंतर दोन तासांनी पुन्हा. सारख्याच आकड्यांच्या दोन जेवणांनंतर साखर फार वेगळी आली, तर आधी वजने तपासावीत. मात्र तळलेल्या पदार्थांनंतर साखर उशिरा चढते, म्हणून दोन तासांचा आकडा फसवा असू शकतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कर्बोदके एकदम घटवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते; मात्रा आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागते. मूत्रपिंड बिघडले असेल तर प्रथिनांची मर्यादाही त्यांनीच ठरवायची असते.