कामगार आरोग्य कार्यक्रम

कामाच्या जागी, पगारी वेळेत चालणारा आणि कामगारांच्या सवयींबरोबर कामाच्या परिस्थितीलाही हात घालणारा उपक्रम. पोस्टर, जिमची सवलत किंवा वार्षिक शिबिर यांत ही दुसरी बाजू नसते, म्हणून कामगार त्यांकडे फिरकत नाहीत.

मुंबई परिसरात याचे चांगले उदाहरण तंबाखूमुक्तीच्या कामात सापडते. नवी मुंबईची हीलिस सेखसरिया संस्था आणि बोस्टनची डेना-फार्बर कर्करोग संस्था यांनी 2012 ते 2014 या काळात मुंबई परिसरातील 20 कारखान्यांत एक अभ्यास केला. निम्म्या कारखान्यांत कार्यक्रम राबवला, उरलेले तुलनेला ठेवले. तंबाखू सोडण्याच्या समुपदेशनाला त्यांनी कामाच्या सुरक्षिततेची जोड दिली. हे जोडणेच महत्त्वाचे: धूर आणि रसायनांत आठ तास उभ्या असलेल्या माणसाला मालकाने फक्त तंबाखूचे धोके सांगितले, तर ते त्याला पटत नाही. तंबाखू सोडण्यातला ठळक फरकही प्रत्यक्ष उत्पादनावरच्या कामगारांत दिसला.

कुर्ल्यात, जरीमरी-साकीनाक्याच्या गाळ्यांत हे करायचे तर वेळ आधी ठरवावी. पाळी सुटली की माणूस लोकल गाठायला धावतो. सुट्टीनंतरचे सत्र रिकामेच राहते. म्हणून प्रत्येक पाळीत, कामाच्या वेळेतच सत्र घ्यावे आणि कंत्राटी कामगारांनाही बसवावे. आधी धूळ किंवा वायुवीजनाची एखादी जुनी तक्रार सोडवावी. समुपदेशक बाहेरचा असावा, सुपरवायझर खोलीत नसावा आणि कोण तंबाखू खातो ही माहिती मालकाकडे जाऊ नये. रात्रपाळीला झोप उडवायला मळलेली तंबाखू आणि सकाळची मशेरी यांची कारणे वेगळी असतात. ती विचारूनच सल्ला द्यावा. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळेपुरती बडीशेप किंवा लवंग चालते. सुपारी मात्र देऊ नये, कारण तीही कर्करोगकारक आहे.

खरी फसगत मोजण्यात होते. समजा, 80 कामगारांत 30 जण तंबाखू खातात. सत्राला 18 आले, सहा महिन्यांनी 12 भेटले आणि त्यांतल्या 6 जणांनी तंबाखू सोडली होती. अहवालात ‘निम्म्यांनी सोडली’ असे येते, पण भागाकार 30 ने करायला हवा: यश 20 टक्के. न भेटलेल्यांना तंबाखू चालूच असल्याचे धरावे. दुसऱ्या सत्राला कोणती पाळी गळाली हेही पाहावे; दोष बहुधा तिथल्या वेळेत किंवा गुप्ततेत सापडतो.

मर्यादाही आहे. चार-पाच माणसांच्या गाळ्याला एकट्याने समुपदेशक परवडत नाही. एकाच इमारतीतल्या गाळेधारकांनी मिळून तो बोलवावा आणि सत्राच्या तासाची मजुरी कापू नये.