पुट्नमची ‘जुळी पृथ्वी’ : एका विचारप्रयोगाची मर्यादा

शब्दाचा अर्थ बोलणाराच्या मनात असतो काय, या जुन्या प्रश्नाला हिलरी पुट्नम या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका दीर्घ निबंधात नकारार्थी उत्तर दिले. त्या उत्तराचा सर्वांत प्रसिद्ध आधार म्हणजे एक कल्पित कथा होय. कथेवर युक्तिवाद उभारणे तत्त्वज्ञानात नवे नाही. परंतु या कथेने भाषाशास्त्राच्या अभ्यासकांवरही एवढा प्रभाव पाडला की, तिने नेमके काय सिद्ध केले आणि काय केले नाही, हे निवडून पाहणे अगत्याचे आहे.

पुट्नमच्या हल्ल्याचा रोख दोन विधानांवर होता. फ्रेगेपासून कार्नॅपपर्यंतच्या परंपरेत ही दोन्ही विधाने एकत्र नांदत होती, असे त्याचे म्हणणे. पहिले विधान असे की, एखादा शब्द समजणे म्हणजे विशिष्ट मानसिक अवस्थेत असणे होय. दुसरे असे की, शब्दाचा गुणार्थ त्याचा वस्त्वर्थ ठरवितो. म्हणजे गुणार्थ एकच असेल तर तो शब्द ज्या वस्तूंना लागू पडतो त्या वस्तूही त्याच असल्या पाहिजेत. दोन्ही एकत्र घेतली की निष्कर्ष अटळ होतो : ज्यांच्या मानसिक अवस्था तंतोतंत सारख्या आहेत, त्यांचे शब्द भिन्न वस्तूंना लागू पडणे शक्यच नाही.

हा निष्कर्ष खोटा ठरविण्यासाठी पुट्नमने आपल्या पृथ्वीसारखी हुबेहूब दुसरी पृथ्वी कल्पिली. तेथेही नद्या वाहतात, पाऊस पडतो आणि लोक इंग्रजी बोलतात. फरक एवढाच की, तेथे ज्याला ‘पाणी’ म्हणतात त्या द्रवाची घटना H₂O नसून भलतीच, लांबलचक आहे. पुट्नमने तिला XYZ हे संक्षिप्त चिन्ह दिले. चव, रंग, तहान भागविण्याचा गुण, सर्व काही सारखे. आता काळ १७५० चा घ्यावा. कॅव्हेंडिश आणि लाव्हाझिए यांचे पाण्याच्या घटनेविषयीचे कार्य पुढचे, १७८० नंतरच्या दशकातले; तेव्हा १७५० साली हा फरक दोन्ही पृथ्वींवर कोणालाच ठाऊक नाही. इकडे एक ऑस्कर आहे, तिकडे त्याचा जुळा आहे, आणि दोघांच्या मनांतील विचार सारखे आहेत. तरीही इकडच्या ऑस्करचा ‘पाणी’ हा शब्द H₂O ला लागू होतो, तिकडच्याचा XYZ ला. म्हणून अर्थ डोक्यात नसतो.

येथे तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे : कथा, कथेवर आपण देतो तो निवाडा, आणि त्या निवाड्यावरून काढलेला निष्कर्ष. निवाडा मान्य केला तरी तर्कतः एवढेच सिद्ध होते की, वरील दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. कोणते सोडावे हे कथा सांगत नाही. पुट्नमने दुसरे राखले आणि पहिले टाकले. पुढे इतरांनी अर्थाचे दोन घटक मानून, एक मनात आणि दुसरा बाह्य जगाशी निगडित, अशी वाटणी केली. ‘अर्थ डोक्यात नसतो’ हे वाक्य म्हणजे कथेचे फलित नव्हे, तर कथेनंतर केलेली निवड आहे.

कथेवरील एक आक्षेप फार लवकर पुढे येतो. मानवी शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा. मग जुळ्या पृथ्वीवर ऑस्करची हुबेहूब प्रतिकृती असणार कशी? आक्षेप खरा आहे, पण तो जीवघेणा नाही. अ‍ॅल्युमिनिअम आणि मॉलिब्डेनम यांच्या नावांची अदलाबदल कल्पिणारे उदाहरण पुट्नमने त्याच निबंधात दिले आहे, आणि तेथे ही अडचण जवळजवळ उरत नाही. टॉमस कून याचा १९८९ मधील आक्षेप मात्र अधिक खोल जातो. पाण्याचे सर्व गुणधर्म असलेला, पण सर्वस्वी निराळ्या घटनेचा द्रव सापडलाच, तर ‘तिकडे पाणी म्हणजे XYZ’ एवढे कळवून प्रवाशांना थांबता येणार नाही. आमचे रसायनशास्त्रच कोठेतरी चुकले आहे, असेच त्यांना कळवावे लागेल. रसायनशास्त्र चुकले असेल तर ‘पाणी म्हणजे H₂O’ या आधाराचे काय होणार? कथेचा एक धागा बदलताना बाकीचे वस्त्र जसेच्या तसे राहील असे पुट्नम गृहीत धरतो, आणि ते गृहीतच येथे संशयास्पद ठरते.

स्वतः निवाडाही सर्वांना मान्य झाला नाही. झेमाखने १९७६ मध्ये आणि मेलरने १९७७ मध्ये असा प्रश्न केला की, १७५० चा ‘पाणी’ हा शब्द दोन्ही द्रवांना लागू होता असे का मानू नये? केवळ अंतःप्रज्ञेवर हा वाद सुटणार नाही. परंतु इतिहासाने आपल्याला एक जवळचे उदाहरण पुरविले आहे. १९३१ साली यूरीने ड्यूटेरिअम हा हायड्रोजनचा जड प्रकार शोधला आणि १९३३ साली ल्यूइसने जवळजवळ शुद्ध ‘जड पाणी’ मिळविले. त्याची घनता साध्या पाण्याहून दशांशाने अधिक असून ते सुमारे ३.८ अंश सेल्सिअसला गोठते. तंबाखूचे बी त्यात अंकुरत नाही, असे ल्यूइसलाच आढळून आले. आता १९३० पर्यंतच्या वापराने हे द्रव्य ‘पाणी’ या शब्दाखाली येते की नाही, हे आधीच ठरलेले होते काय? शास्त्रज्ञांनी त्याला पाणीच म्हटले, आणि त्याला सबळ कारणही होते. पण ‘हे पाणी नव्हे, पाण्यासारखे दिसणारे वेगळे द्रव्य आहे’ असे त्यांनी ठरविले असते, तर त्यांनी जुन्या शब्दाचा अर्थ मोडला असे कोणालाही म्हणता आले नसते. नमुन्याकडे बोट दाखवून ‘याच्याच जातीचे ते सर्व’ असे म्हटल्याने जातीची सीमा आखली जात नाही. ती पुष्कळदा शोधानंतर आखली जाते. यावरून पुट्नमचा निवाडा खोटा ठरतो असे नव्हे, कारण XYZ चा फरक जड पाण्याच्या फरकापेक्षा पुष्कळच मोठा आहे. पण त्या निवाड्यातील निःशंकपणा मात्र जातो.

भाषाव्यवहाराकडे पाहिले तर आणखी एक अडचण दिसते. बार्बरा माल्ट हिने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले की, चहात H₂O चे प्रमाण दलदलीच्या पाण्याहून अधिक आहे असे मानणारे लोकही चहाला पाणी म्हणत नाहीत, दलदलीतल्याला म्हणतात. मराठीत आपण शहाळ्यातील गोड द्रवाला बिनदिक्कत पाणी म्हणतो, उसातून निघाला की तो रस होतो. उगम आणि उपयोग येथे घटनेवर मात करतात. अशा शब्दांना अनेक अर्थच्छटा असतात हे पुट्नमलाही मान्य होते. परंतु त्यांपैकी शास्त्रीय छटाच प्रमुख का मानावी, याचे उत्तर जुळ्या पृथ्वीच्या कथेत शोधून सापडत नाही.

माझ्या मते त्या निबंधातील सर्वांत टिकाऊ उदाहरण सर्वांत कमी कल्पित आहे. एल्म आणि बीच हे वृक्ष आपल्याला ओळखता येत नाहीत, असे पुट्नम सांगतो. दोहोंविषयीची त्याची कल्पना एकच : पानगळीचा एक मोठा वृक्ष. तरीही त्याच्या तोंडचा ‘एल्म’ हा शब्द एल्मलाच लागू होतो, कारण ते वृक्ष ओळखणारे जाणकार त्याच्या समाजात आहेत. भाषिक श्रमविभागाचे हे निरीक्षण तपासण्यास दुसरी पृथ्वी लागत नाही. साग आणि ऐन यांतील फरक न कळणारा कोणताही शहरवासी पुरे. सर्ल याने १९८३ मध्ये यावरही उत्तर दिले : ‘जाणकार ज्याला एल्म म्हणतात तो वृक्ष’ हा आशय त्या माणसाच्या मनात असतोच, तेव्हा दोन्ही कल्पना एक नव्हेत. उत्तर चतुर आहे. परंतु त्याने अर्थ मनात परत आणताना जाणकारांनाही सोबत आणावे लागते, आणि ते तर मनाबाहेरच राहतात.