तेलभरित रोहित्रांचे शीतन

तेलभरित शक्ती रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मर) गाभ्यात व गुंडाळ्यांत निर्माण होणारी उष्णता तेलामार्फत बाहेर काढून हवेला किंवा पाण्याला देण्याच्या व्यवस्थेस रोहित्राचे शीतन म्हणतात. गुंडाळीतील तारेभोवतीचा कागद उष्णतेने हळूहळू ठिसूळ होतो, आणि तो एकदा ठिसूळ झाला की पूर्ववत होत नाही. त्यामुळे रोहित्रावर किती भार घालता येईल, हे बऱ्याच अंशी त्याच्या शीतनावर ठरते.

शीतनाचे वर्ग

आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ६००७६-२ या मानकानुसार शीतनाचा वर्ग चार अक्षरांनी दर्शवितात. पहिले अक्षर आतील द्रवाचे, दुसरे त्याच्या अभिसरणाचे, तिसरे बाहेरील माध्यमाचे आणि चौथे त्या माध्यमाच्या गतीचे. ‘ओएनएएन’ या वर्गात तेल व हवा दोन्ही नैसर्गिक गतीने वाहतात. तापलेले तेल हलके होऊन वर चढते, रेडिएटरच्या पातळ पोकळ पत्र्यांतून थंड होत खाली उतरते आणि टाकीच्या तळाशी परत येते. रेडिएटरवर पंखे बसविले की वर्ग ‘ओएनएएफ’ होतो. तेलासाठीही पंप लावला की ‘ओएफएएफ’.

‘ओएफ’ आणि ‘ओडी’ यांतील भेद विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास सुटतो. ‘ओएफ’मध्ये पंप तेलाला शीतकातून ढकलतो, परंतु गुंडाळीतील तेल मुख्यतः स्वतःच्या उष्णतेनेच वर चढते. ‘ओडी’मध्ये पंपाचे तेल मार्गिकांद्वारे थेट गुंडाळीत सोडले जाते. म्हणून ज्या ‘ओडी’ रोहित्राला नैसर्गिक शीतनाची क्षमता दिलेलीच नसते, त्याचे पंप बंद पडल्यास ते ठरावीक मुदतीनंतर बंद करावे लागते.

टप्प्यांचे नियंत्रण

एकाच रोहित्राला दोन-तीन वर्ग असू शकतात. १०० एमव्हीएच्या रोहित्रावर, उदाहरणार्थ, ‘ओएनएएन’ला ६०, ‘ओएनएएफ’ला ८० आणि ‘ओएफएएफ’ला १०० एमव्हीए अशी क्षमता दिलेली असते. ही वाढ दिसते तेवढी साधी नाही. गुंडाळीतील भारजन्य ऊर्जाव्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे भार ६० वरून १०० वर गेला की तो जवळजवळ २.८ पट होतो.

पंखे व पंप केव्हा सुरू व्हावेत हे सहसा गुंडाळी-तापमापक ठरवितो. गुंडाळीला उच्च विद्युत दाब असल्याने साधा तापमापक तिच्यात बसविता येत नाही. म्हणून त्याचा फुगा वरच्या तेलातील खोबणीत ठेवतात, आणि भाराच्या प्रमाणातील एक लहान प्रवाह उपकरणातील तापक तारेतून सोडतात. तेलाचे तापमान आणि या तारेने घातलेली भर मिळून गुंडाळीच्या सर्वांत तप्त भागाचा अंदाज येतो. यालाच औष्णिक प्रतिमा म्हणतात.

या उपकरणाची गरज पुढील उदाहरणावरून कळेल. हिवाळ्याच्या रात्री वरील रोहित्रावर ४० एमव्हीए भार आहे. वरचे तेल ४८° से. आणि गुंडाळीचा तप्त भाग ५६° से. आहे. शेजारचे रोहित्र बंद पडून भार एकदम १०० एमव्हीए झाला. पूर्ण भाराला तप्त भाग तेलापेक्षा २५ अंशांनी अधिक तापतो असे धरू. हा फरक पाव-अर्ध्या तासात बहुतांश पूर्ण होतो, तर तेल तापायला काही तास लागतात. गुंडाळी ७३ अंशांकडे चढू लागते, आणि ६५ अंशांवर लावलेला पंख्यांचा संपर्क लगेच जुळतो. तेल ५० अंशांवर आले की गुंडाळी ७५ अंशांवर पोहोचून पंप सुरू होतात. पंखे केवळ तेलाच्या तापमानावर, त्याच ६५ अंशांवर, लावले असते तर ते सुरू होईपर्यंत गुंडाळी ९० अंशांवर गेली असती.

टप्पा बंद होण्याचे तापमान सुरू होण्याच्या तापमानाहून काही अंश कमी ठेवतात, अन्यथा पंखे सतत चालू-बंद होऊन संपर्क जळतात. सर्व पंप एकाच वेळी सुरू करणेही टाळतात. थंड तेल वेगाने वाहिले तर घर्षणाने स्थिर विद्युतभार साचून विद्युत निरोधनास धोका पोहोचू शकतो.

दोष व त्यांची ओळख

पंखा फिरतो आहे म्हणजे शीतन होते आहे, असे नव्हे. तीन-फेज मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल झाली की पंखा उलटा फिरतो, आवाज तसाच येतो, पण हवा रेडिएटरकडे जात नाही. पंप उलटा फिरल्यास तेलप्रवाह-दर्शक पुरेसा प्रवाह दाखवीत नाही. देखभालीनंतर रेडिएटरची झडप बंद राहिली, तर वरचे तेल तापलेले असताना तो एकच रेडिएटर हाताला थंड लागतो. याउलट सर्व रेडिएटर गरम आहेत आणि नेहमीच्या भारावरही तापमान चढते आहे, तर पत्र्यांमधील धूळ प्रथम पाहावी. तापक तारेचा प्रवाह तुटला असेल, तर गुंडाळीचा तापमापक भार असूनही तेलाएवढेच तापमान दाखवितो. हा दोष सर्वांत फसवा, कारण अशा वेळी पंखे उशिरा सुरू होतात आणि कोणतीही घंटा वाजत नाही.