गुणांचा आयतालेख व प्रसामान्य वक्र

परीक्षेत मिळालेले गुण सोयीच्या वर्गांत विभागून, प्रत्येक वर्गात किती विद्यार्थी पडले ते परस्परांना चिकटून उभ्या केलेल्या आयतांनी दाखविणारी आकृती म्हणजे गुणांचा आयतालेख होय. आणि त्याच गुणांची सरासरी व तेच प्रमाण विचलन घेऊन काढलेला घंटेच्या आकाराचा प्रसामान्य वक्र त्या आकृतीवर आरोपित केला, म्हणजे प्रत्यक्ष गुण त्या आदर्श आकारापासून कोठे व किती ढळतात हे तुलनेने पाहता येते. आयतालेखाचे ‘हिस्टोग्राम’ हे इंग्रजी नाव कार्ल पिअर्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रूढ केले. वक्र त्याहून बराच जुना आहे. अब्राहम द म्वाव्र यांनी नाणेफेकीच्या गणितातून १७३३ मध्ये तो प्रथम मांडला, आणि परीक्षेच्या गुणांना तो लावून पाहण्याचा एक प्रारंभीचा प्रयत्न फ्रान्सिस गाल्टन यांच्या १८६९ च्या आनुवंशिक प्रतिभेवरील ग्रंथात आढळतो. तेथे त्यांनी सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेतील ७३ उमेदवारांचे गुण तपासले, आणि वरच्या बाजूस मेळ बसला तरी खालच्या बाजूस तो बसला नाही. कारण अगदी दुर्बळ उमेदवार एक तर वगळले गेले होते किंवा परीक्षेस बसलेच नव्हते. वक्राशी न जुळणारी बाजू हीच अधिक बोलकी असते, हा धडा त्या प्रारंभीच्या दाखल्यातच आहे.

आयतालेखात मोजायचे ते आयताचे क्षेत्रफळ, उंची नव्हे. सर्व वर्गांतरे सारखी असली म्हणजे हा भेद लक्षात येत नाही, म्हणूनच तो विसरला जातो. परंतु कोणी ० ते २९ हे दहा-दहाचे तीन वर्ग एकत्र करून त्यांतील दहा विद्यार्थ्यांसाठी दहा उंचीचा रुंद आयत काढला, तर नापासांची संख्या डोळ्यांना तिप्पट भासते. तेथे उंची दहाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे ३.३ घेतली पाहिजे. दुसरी अशीच बाब वर्गमर्यादांची. गुण पूर्णांकात दिले जातात, म्हणून ३० ते ३९ या वर्गाच्या खऱ्या मर्यादा २९.५ व ३९.५ होत, आयत तेथपर्यंत पोचले तरच शेजारच्या वर्गाला चिकटतात, आणि वक्राखालचे क्षेत्रफळही त्याच मर्यादांमध्ये मोजावे लागते.

एक कल्पित उदाहरण संपूर्ण सोडवून पाहू. शंभर गुणांच्या एका प्रश्नपत्रिकेस ८० विद्यार्थी बसले, उत्तीर्णतेसाठी ३५ गुणांची अट होती, आणि दहा-दहाचे वर्ग करून ताळ्याच्या खुणांनी मोजणी केली तेव्हा पुढील तक्ता तयार झाला, असे समजू.

० ते ९ : १
१० ते १९ : ३
२० ते २९ : ६
३० ते ३९ : १८
४० ते ४९ : १६
५० ते ५९ : १५
६० ते ६९ : ११
७० ते ७९ : ६
८० ते ८९ : ३
९० ते ९९ : १

प्रत्येक वर्गाचा मध्य घेऊन (४.५, १४.५ याप्रमाणे) हिशेब केला असता सरासरी ४८.१ व प्रमाण विचलन सुमारे १८.० येते. आता वक्राचे सूत्र असे :

y = (N·h / (σ√(2π))) · e^(−(x−m)² / (2σ²))

येथे N विद्यार्थ्यांची संख्या, h वर्गांतर, m सरासरी व σ प्रमाण विचलन. या सूत्रातील N·h हा गुणक फार महत्त्वाचा आहे. कारण पाठ्यपुस्तकांतील प्रमाण वक्राखालचे क्षेत्रफळ एक असते, तर आपल्या आयतांचे एकूण क्षेत्रफळ ८० गुणिले १०, म्हणजे ८०० आहे. हा गुणक राहून गेला की वक्र आयतांच्या पायथ्याशी आडव्या रेघेसारखा पसरलेला दिसतो, आणि नवशिक्यास वाटते की गुण वक्राशी मुळीच जुळत नाहीत. गुणक धरून वक्राचा माथा ४८ च्या आसपास १७.७ इतका उंच येतो. वर्ग पाच-पाचाचे केले तर तोच वक्र निम्म्या उंचीचा, म्हणजे ८.८ च्या सुमाराचा काढावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

वक्र केवळ डोळ्यांनी न पाहता त्याच्या प्रत्येक वर्गातील अपेक्षित संख्या काढणे हितावह असते. ५० ते ५९ या वर्गात वक्रानुसार सुमारे १६ विद्यार्थी असावयास हवेत, आहेत १५; ६० ते ६९ मध्ये १२ हवेत, आहेत ११; ७० ते ७९ मध्ये ६ हवेत, आहेत ६. फक्त ३० ते ३९ या वर्गाचा आयत वक्रातून वर डोकावतो : तेथे १३ हवेत आणि आहेत १८. परंतु एवढ्या तफावतीवरून काही निष्कर्ष काढावा काय? अशा मोजणीत निव्वळ योगायोगाने होणारी चळ साधारणपणे अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. १३ चे वर्गमूळ साडेतीनच्या थोडे वर, आणि तफावत पाचाची. म्हणजे हा उंचवटा योगायोगाचाही असू शकेल, आणि सावध वाचकाने येथे निर्णय देऊ नये.

वर्गांतराची निवड येथे निर्णायक ठरते. हेच गुण वीस-वीसच्या वर्गांत घातले, तर ४, २४, ३१, १७ व ४ असे आकडे पडतात, आणि वक्राची अपेक्षा सुमारे ४, २१, ३४, १८ व ३ अशी आहे. आकृती इतकी सुबक होते की पाहणारा समाधानाने कागद बाजूला ठेवील. आता उलट दिशेने जाऊन पाच-पाचाचे वर्ग करा. त्या १८ विद्यार्थ्यांची फोड या उदाहरणात अशी ठेवली आहे : ३० ते ३४ मध्ये ३, आणि ३५ ते ३९ मध्ये १५. वक्राप्रमाणे पहिल्या वर्गात ६ व दुसऱ्यात ७ असावयास हवेत. जेथे सातांची अपेक्षा तेथे पंधरा, म्हणजे वर्गमुळाच्या जवळजवळ तिप्पट आधिक्य. आणि त्याच्या अगदी डावीकडे खळगा. सुट्या गुणांचा तक्ता उघडून पाहिला तर पंधरांपैकी नऊ जण नेमके ३५ वर उभे, आणि ३३ व ३४ हे दोन्ही रकाने रिकामे.

या आकाराचा अर्थ परीक्षेच्या व्यवहाराशी परिचित असलेल्या कोणासही सांगावा लागत नाही. महाराष्ट्रातील शालान्त परीक्षेत शंभरापैकी ३५ गुणांना विषयात उत्तीर्ण मानण्याची प्रथा आहे, आणि ‘काठावर पास’ हा शब्दप्रयोग घरोघर चालतो तो त्यामुळेच. तेहेतीस गुणांच्या उत्तरपत्रिकेवरून परीक्षक पुन्हा एकदा नजर फिरवितो, एखाद्या अर्धवट उत्तरास एक गुण अधिक देतो, किंवा नियमानुसार सवलतीचे गुण मिळवून बेरीज पस्तिसावर नेली जाते. हे सर्व नियमबाह्य असतेच असे नाही. पुष्कळदा ते दयेचे व न्याय्यही असते. परंतु त्याची खूण आयतालेखावर उमटते, मग ती परीक्षा कोणत्याही देशातली असो. पोलंडमधील ‘मातुरा’ या शालान्त परीक्षेत उत्तीर्णतेची मर्यादा ३० टक्के आहे. तेथील पोलिश भाषेच्या प्रश्नपत्रिकेचे जे गुणवितरण प्रसिद्ध झाले, त्यात मर्यादेच्या लगतच खाली खोल खळगा व मर्यादेवर उंच सुळका स्पष्ट दिसतो.

तेव्हा वर्गांतर निवडावे कसे? हर्बर्ट स्टर्जेस यांनी १९२६ मध्ये वर्गसंख्येसाठी 1 + 3.322 log₁₀ N असा नियम सुचविला. ८० विद्यार्थ्यांसाठी तो सात-आठ वर्ग सांगतो, म्हणजे बारा ते चौदा गुणांचे गैरसोयीचे वर्गांतर. पहिला अंदाज म्हणून तो उपयुक्त खरा. पण त्याची उपपत्तीच वितरण घंटेच्या आकाराचे आहे या गृहीतावर उभी आहे, म्हणून आकार प्रसामान्य आहे की नाही हाच प्रश्न असताना त्याच्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. त्याहून चांगला मार्ग असा की, ज्या गुणांवर निर्णय होतात ते सर्व गुण वर्गांच्या सीमेवर येतील अशी मांडणी करावी. उत्तीर्णता ३५ वर व प्रथम श्रेणी ६० वर असेल, तर पाच-पाचाच्या वर्गांत दोन्ही अंक वर्गारंभी येतात. दहा-दहाच्याच वर्गांचा आग्रह असेल तर निदान ३५ हा अंक वर्गारंभी यावा म्हणून २५ ते ३४, ३५ ते ४४ अशी सुरुवात सरकवावी. ३० ते ३९ हा वर्ग मात्र नापास व उत्तीर्ण या दोघांना एकाच आयतात कोंबतो, आणि खळगा व सुळका परस्परांना भरून काढतात. वर्गांतर फार लहान करण्यालाही मर्यादा आहे : ८० विद्यार्थ्यांसाठी एकेका गुणाचे वर्ग केले तर आकृती करवतीच्या दात्यांसारखी होते आणि योगायोगाची चळ खऱ्या खुणांना गिळून टाकते.

गुण प्रसामान्य असलेच पाहिजेत, असा कोणताही निसर्गनियम नाही. अनेक लहान, परस्परांपासून स्वतंत्र कारणांची बेरीज होते तेथे हा वक्र उद्भवतो. परीक्षेत पुष्कळ प्रश्नांच्या गुणांची बेरीज होत असल्याने त्याची छाया पडते एवढेच. वक्राला टोके नसतात, गुणांना शून्य व शंभर ही टोके असतात. सोप्या प्रश्नपत्रिकेत विद्यार्थी उजवीकडे दाटतात आणि शेपूट डावीकडे लांबते. दोन निराळ्या माध्यमांच्या तुकड्या एकत्र मोजल्या तर दोन माथे दिसू शकतात. अशा वेळी गुण ओढूनताणून वक्रात बसविणे, म्हणजे इतके टक्के नापास झालेच पाहिजेत असे आधी ठरवून मर्यादा हलविणे, हा विद्यार्थ्यांवर उघड अन्याय आहे. तुलनेसाठी घेतलेली रेघ तेथे हुकूम होऊन बसते.

आकृतीचीही एक सीमा आहे. पस्तिसावरील नऊ विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचे गुण वर उचलले गेले असावेत, असे आयतालेख व वक्र मिळून सांगू शकतात. पण ते कोणाचे, आणि कोणी ते स्वतः मिळविले, हे केवळ त्या नऊ उत्तरपत्रिका पुन्हा उघडूनच कळते.