दृश्य वेळापत्रक (शारीरिक शिक्षणातील)

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, विद्यार्थ्याला खेळाच्या तासात काय करायचे, कुठे करायचे, किती वेळा करायचे, ते संपले हे कसे ओळखायचे आणि त्यानंतर काय, हे वस्तू, छायाचित्रे किंवा चित्रे ओळीने लावून दाखवणारी मांडणी. तासाचा ठरलेला क्रम आणि हे वेळापत्रक ही जोडी आहे. क्रमच रोज बदलत असेल तर नुसती चित्रे टांगून काही साधत नाही.

लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने 1943 मध्ये 11 मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. भोवतालच्या गोष्टी जशाच्या तशा राहाव्यात हा मुलांचा आग्रह त्याने त्यांत ठळकपणे नोंदवला होता. हा आग्रह मोडून काढण्याऐवजी शिकवण्यासाठी वापरायचा, ही दृष्टी एरिक शॉपलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात रुजवली. 1972 मध्ये तेथे राज्यभराचा टीच हा कार्यक्रम सुरू झाला आणि दृश्य वेळापत्रक त्याचा कणा ठरले. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. शाळेने अशा मुलाला इतरांबरोबर शिक्षण, खेळ आणि करमणुकीची संधी द्यावी, असे त्या कायद्यात म्हटले आहे. त्यामुळे ‘हा एका बाजूला बसून राहील, बाकीचे खेळतील’ ही सोय कायद्यालाही मान्य नाही.

वर्गापेक्षा मैदान अवघड का, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. वर्गात मुलाचा बाक ठरलेला असतो, फळा समोर असतो, चार भिंती असतात. पालघर जिल्ह्यातील साखरशेतसारख्या जव्हार-मोखाड्याच्या गावात आश्रमशाळेचे मैदान म्हणजे मोकळा माळ. तिथे कुठे उभे राहायचे हे कशावरूनच कळत नाही. त्यात शिट्टी अचानक वाजते, लेझीम कानाशी खणखणते, आणि सर एका दमात सांगतात, ‘चला, चार राउंड मारा, मग गोलात या, नंतर खो-खो.’ या वाक्यातला शेवटचा शब्द कानावर पडेपर्यंत पहिला निसटलेला असतो. घरी वारली किंवा कोकणा बोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतल्या सूचनांचे ओझे आणखी वेगळे. बोललेला शब्द हवेत विरतो, चित्र मात्र समोर राहते आणि मूल त्याच्याकडे पुन्हा बघू शकते.

चित्र कोणत्या प्रकारचे घ्यायचे हे सरांच्या आवडीवर सोडता येत नाही. मुलासमोर प्रत्यक्ष चेंडू, चेंडूचे छायाचित्र आणि चेंडूचे रेखाचित्र ठेवून जोड्या लावायला द्याव्यात. छायाचित्र आणि वस्तू जुळली पण रेखाचित्रापाशी तो अडखळला, तर छायाचित्रापासून सुरुवात करावी. छायाचित्रही जुळले नाही, तर फळ्याला चेंडू, दोरी, पाण्याचा पेला अशा खऱ्या वस्तूच बांधाव्यात. या भागात वारली पद्धतीच्या आकृत्या काढण्याचा मोह कोणालाही होईल. भिंतीवर त्या मुलाच्या ओळखीच्या असतात आणि धावणारा, वाकलेला, नाचणारा माणूस दोन त्रिकोणांतून झटकन उमटतो. मात्र मुलाला ती आकृती ‘मी धावायचे’ असे सांगते की नुसती नक्षी वाटते, हे वरच्या चाचणीनेच कळते. मुलाचे स्वतःचे धावतानाचे छायाचित्र दिसायला साधे असले तरी बहुधा सरस ठरते.

नमुन्यादाखल चौथीतल्या एका मुलाचा 35 मिनिटांचा तास घेऊ. मुलगा थोडे बोलतो, छायाचित्रे ओळखतो, धावायला त्याला आवडते, शिट्टी वाजली की कान झाकतो. त्याच्यासाठी तळहाताएवढी पाच कार्डे करायची: फक्कीचा गोल, धावणे, चेंडू, खो-खो, पाणी. मैदानावर वारा असतो, त्यामुळे कार्डे पुठ्ठ्यावर चिकटवून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावीत आणि व्हरांड्याच्या दोन खांबांमध्ये मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर सुतळी ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी लावावीत. क्रम डावीकडून उजवीकडे ठेवावा. एकदा ठरला की बदलू नये. सुतळीच्या टोकाशी एक डबा ठेवायचा. काम झाले की मुलाने स्वतः ते कार्ड काढून डब्यात टाकायचे. डब्यात पडलेले कार्ड म्हणजे संपलेले काम, आणि सुतळीवर उरलेले पहिले कार्ड म्हणजे आताचे काम.

पहिले कार्ड गोलाचे. मैदानावर फक्कीने आखलेला एक गोल रोज त्याच जागी असतो आणि तो त्याचा असतो. रांगेत ताटकळण्यापेक्षा आखलेल्या जागेवर थांबणे त्याला सोपे जाते, कारण थांबायचे कुठे हे तिथे दिसते. दुसरे धावणे. ‘पाच मिनिटे धाव’ याला त्याच्या लेखी शेवट नसतो; मिनिट दिसत नाही. त्याऐवजी वाटीत चार चिंचोके ठेवायचे. प्रत्येक फेरीला एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा, पहिली वाटी रिकामी झाली की धावणे संपले. चेंडूचेही तसेच, जोडीदाराबरोबर दहा फेक-झेल आणि दहा चिंचोके. शिट्टीऐवजी सरांनी हात वर करून लाल रुमाल दाखवावा. शिट्टी टाळता येणारच नसेल, तर आधी रुमाल आणि मग दुरून शिट्टी, हा क्रम रोज पाळावा.

खो-खोपाशी खरी गाठ आहे. या खेळाची गंमतच अनपेक्षितपणात असते. खो कधी मिळेल ते बसलेल्याला ठाऊक नसते आणि तो मिळतो तो पाठीमागून, स्पर्शाने आणि मोठ्याने ओरडून. या मुलाला त्या एका क्षणात तिहेरी धक्का बसतो. म्हणून सुरुवातीला पळणारे गडी नकोत, फक्त खो द्यायचा-घ्यायचा सराव असावा आणि तोही क्रमाने: एकाने दोनला, दोनने तीनला. आठही गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसत असल्यामुळे असा ओळीने दिलेला खो नियमात बसतो. नियम कुठेच वाकवावा लागत नाही, फक्त निवड काढून घेतलेली असते. मुलाला चौथ्या चौकोनात बसवावे आणि समोर जमिनीवर 1 ते 4 आकड्यांची पट्टी ठेवावी. तीन उठला की पुढचा आपण, हे त्याला खो पडण्याआधीच कळते. स्पर्श कुठे होणार, समजा पाठीवर उजव्या खांद्याखाली, हे वर्गाशी ठरवून घ्यावे. हलका स्पर्श अशा काही मुलांना जास्त खुपतो. त्यांच्या बाबतीत तळहात पूर्ण टेकवून दिलेला खो बरा.

हा क्रम अंगवळणी पडला की तो मोडायचाही दाखवून. पट्टीवर एक दिवस 1 नंतर थेट 4 लिहावे. एकचे तोंड ज्या बाजूला, त्याच्या उलट चारचे असल्याने हाही खो बरोबरच असतो. नंतर दोन शक्यता दाखवाव्यात आणि पळणारा गडी त्यानंतरच आणावा. हा टप्पा गाठायला एका मुलाला दोन आठवडे लागतील, दुसऱ्याला अख्खे सत्र. काही मुले पळतीच्या खेळापर्यंत पोचत नाहीत, ओळीच्या खो-खोमध्ये मात्र रमतात. तेवढ्यावर थांबायला हरकत नसावी.

इथल्या तासाचा सर्वांत मोठा शत्रू पाऊस आहे. जून ते सप्टेंबर मैदान चिखलाने भरलेले, तास व्हरांड्यात, आणि सकाळी उघडीप असेल तर दुपारी सर म्हणतात, ‘चला बाहेर.’ महिनाभर एकच क्रम अचूक पाळलेला मुलगा अशा दिवशी आकांत करतो, आणि ‘वेळापत्रकामुळेच हा हट्टी झाला’ असे म्हटले जाते. खरी चूक ही की वेळापत्रकात बदल शिकवलेलाच नसतो. त्यासाठी भडक रंगाचे एक ‘बदल’ कार्ड हवे. ते पहिल्यांदा आणायचे ते आवडती गोष्ट वाढवण्यासाठी: चार फेऱ्यांच्या जागी सहा. मग बिनमहत्त्वाच्या बदलासाठी, जसे लाल चेंडूऐवजी निळा. नावडता बदल सर्वांत शेवटी. पावसाळा येण्याआधी, एप्रिलमध्येच, कोरड्या दिवशी दोन-तीन तास मुद्दाम व्हरांड्यात घ्यावेत. पावसाच्या दिवशी मैदानाच्या कार्डावर ‘बदल’ लावून शेजारी व्हरांड्याचे छायाचित्र, आणि हे सगळे वर्गातून निघण्याआधी. मैदानाच्या कडेला उभे राहून सांगितलेला बदल उशिराचा असतो.

बिघाड कुठे होतो ते ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. मुलगा कार्डाकडे न पाहता सरांच्या तोंडाकडे पाहू लागला, तर सर फार बोलत आहेत असे समजावे. वेळापत्रक शिकवताना मागे उभे राहून, न बोलता, हात धरून कार्डाकडे न्यायचे आणि ती मदत दिवसागणिक कमी करायची असते. समोरून ‘आता काय? बघ काय आहे?’ विचारत राहिले की मुलगा त्या प्रश्नाचीच वाट पाहायला शिकतो. मधली कार्डे उचलून डब्यात टाकत तो शेवटच्या पाण्याकडे धावला, तर ती हुशारीच आहे: कार्ड टाकले की काम संपते हे त्याला कळले आहे. अशा वेळी रागावू नये, पूर्ण सुतळीऐवजी फक्त ‘आधी – मग’ अशी दोनच कार्डे द्यावीत. तो एकाच कार्डापाशी रोज अडत असेल, तर दोष बहुधा त्या कामात असतो. तापलेल्या जमिनीवर अनवाणी बसणे, लेझमीचा आवाज, गर्दी, यांपैकी एखादे कारण तिथे सापडते.

‘आराम’ हे कार्ड मात्र क्रमात लावायचे नसते. ते मुलाच्या खिशात किंवा गळ्यात असते. तो ते दाखवतो आणि झाडाखालच्या ठरलेल्या जागी जातो. हे कार्ड शिक्षा म्हणून काढून घेतले की त्याचा अर्थ संपतो आणि मुलाला पळून जाणे एवढाच मार्ग उरतो. पहिल्या आठवड्यात तो ते पुन्हा पुन्हा दाखवेल. दर वेळी मान्य करावे, फक्त परतण्यासाठी तिथेही पाच चिंचोक्यांची वाटी असावी.

आश्रमशाळा निवासी असल्याचा एक फायदा होतो. तीच कार्डे वसतिगृहात सकाळच्या व्यायामाला वापरता येतात, आणि अधीक्षकांना त्यांचा क्रम ठाऊक असला की मुलाचा दिवस एकसलग राहतो. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हा धागा तुटतो. दिवाळीनंतर या भागातली अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि काही मुले त्यांच्याबरोबर जातात. कार्डांचा दुसरा संच सुतळीत ओवून घरी द्यावा. आई-वडिलांना वाचता येत नसले तरी त्याने अडत नाही. मूल परतले की जिथे सोडले तिथून नव्हे, एक पायरी मागून सुरू करावे: खो-खोमध्ये दोन शक्यतांवर पोचलेला मुलगा पुन्हा ओळीच्या खोपासून, पाच कार्डे वापरणारा तीन कार्डांपासून. ही पायरी कोणती होती याची नोंद सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला करून ठेवावी, कारण जूनमध्ये बदली होऊन आलेल्या नव्या शिक्षकाला ती दुसऱ्या कुठूनही मिळत नाही.