तळटीप ३ : फुटलेली काच आणि तीन वाद

३. लेखकाने निसर्गवाद, कार्यवाद आणि आदर्शवाद हे तिन्ही वाद एका दमात उरकले आहेत. फरक एका प्रसंगातून कळतो. निसर्गवादी रूसोच्या ‘एमिल’मध्ये (१७६२) मूल खिडकीची काच फोडते. रूसो सांगतो, रागावू नका, काच लगेच बसवू नका. वारा झोंबू द्या. म्हणजे निसर्गवादी शिक्षकाच्या वर्गात शिक्षेऐवजी कृतीचा परिणामच शिकवील. तरीही मूल काचा फोडत राहिले, तर त्याला बिनखिडकीच्या अंधाऱ्या खोलीत कोंडा, असेही रूसो म्हणतो. हा ‘निसर्ग’ शिक्षकानेच रचलेला, हे उघड आहे! ड्यूईच्या कार्यवादाला मानणारा शिक्षक मुलांकडून चौकट मोजून घेईल, काच बसवून घेईल. मोजमापाचे गणित त्या कामातूनच येईल. आदर्शवादी शिक्षक काचेपेक्षा सचोटीकडे पाहील : दुसऱ्याच्या वस्तूबद्दलची जबाबदारी तो चर्चेतून आणि स्वतःच्या वागण्यातून मुलांपुढे ठेवील.